जावयाला उठवू नगं

अंथुर्ण्याला लग्न होऊन आले तेव्हा मी सतरा वर्षांची होते आणि माझ्या आधीच त्या घरात एक पाच वर्षांची मुलगी होती. मालकांच्या वारलेल्या पहिल्या बायकोची. एकोणीसशे तीस सालानंतरचे ते दिवस. कालव्याचं पाणी आमच्या वस्तीपर्यंत आलेलं होतं आणि त्या पाण्यावर मालक वांगी, गवार, भेंडी, दोडका, मेथी असला भाजीपाला काढत. बाजाराच्या आदल्या दिवशी गाडी भरायची, आणि पहाटे बैल बारामतीच्या वाटेला लागायचे. घरात आणखी एकच माणूस होतं, मालकांची थोरली विधवा बहीण. मी त्यांना वन्सं म्हणायची.

आमच्या घरातली गंमत अशी की चार गावं ज्या रानातली भाजी खात होती, त्या रानाच्या मालकाची पोर भाजीला शिवत नव्हती. भाकरी, दूध आणि गूळ. एवढंच. आई गेल्यापासून तिनं दुसरं काही खाल्लं नव्हतं. वन्सं ताटात भाजी वाढायच्या, पोर ती बोटानं ताटाच्या काठावर सरकवायची आणि तोंड असं घट्ट मिटायची की ओठ पांढरे पडायचे. दातांचंही तेच. सकाळी राखुंडी घेऊन कुणी जवळ गेलं की पळत सुटायची ती थेट विहिरीपर्यंत. मालक रागवायचे, वन्सं रडायच्या, पोर दोघांकडंही बघायची नाही.

पहिले दहा-बारा दिवस मी नुसती बघत राहिले. मला सावत्र आई म्हणून आणलंय हे गावातल्या बायांनी पाणवठ्यावर इतक्यांदा ऐकवलं होतं, की पोरीला हात लावायचीच भीती वाटायची. मग एके दिवशी दुपारी भेंडीची भाजी केली होती. पोर नेहमीसारखी तोंड मिटून बसली. मी तिच्याकडं बघितलंच नाही. ताटातली एक भेंडी उचलली, कानाला लावली आणि म्हणाले,

"काय गं? काय म्हणतीस?"

पोरीनं मान वर केली.

"व्हय व्हय, खरंय तुजं," मी भेंडीला म्हणाले. मग वन्संकडं वळून सांगितलं, "वन्सं, ही भेंडी रुसलीय. म्हणती, मी तुमच्या भावाच्या तोंडात जायची न्हाय. मिशा टोचत्यात."

मालकांच्या मिशा खरंच मोठ्या होत्या. ते जेवता जेवता थांबले. वन्संनी पदर तोंडाला लावला. आणि पोर, जी मी आल्यापासून एकदाही हसली नव्हती, ती फिसकन हसली.

"मग कुणाच्या तोंडात जाती म्हणं?" तिनं विचारलं.

"विचार तूच."

तिनं भेंडी घेतली, कानाला लावली, बराच वेळ ऐकलं. "माज्या," ती म्हणाली. आणि खाल्ली.

ती एक भेंडी मी आयुष्यात विसरणार नाही. त्या दिवशी मला वाटलं, आपल्याला या घरात जागा मिळाली.

पुढं मी त्यात तरबेज झाले. शेपूची जुडी नाक मुरडत यायची, कारण सगळे तिच्या वासाला नावं ठेवतात. दोडक्याला थंडी वाजायची, त्याला पोटात ऊब हवी असायची. पोरीला मी रानात नेऊ लागले. ती स्वतःच्या हातानं वांगं तोडायची आणि त्याला दम द्यायची, "रडायचं न्हाय हां, घरी गेल्यावर तेल मिळंल." स्वतः तोडलेलं वांगं ती खायचीच. जबरदस्ती करायची नाही, घास लहान ठेवायचा, आणि ती नको म्हणाली तर रुसायचं काम भाजीनं करायचं, मी नाही. एवढं मला आपोआप कळलं होतं.

एकच गोष्ट मी वाईट केली आणि ती तेव्हा मला वाईट वाटली नाही. सगळी भाजी संपली आणि बाकीचे उठून गेले की मी तिच्या तळहातावर गुळाचा खडा ठेवायची. आमच्या बाजूला ऊस होता, हंगामात गुऱ्हाळं चालायची, घरात गुळाची ढेप असायचीच. "भाजीच्या गाड्या वेशीतून आत गेल्या, आता पाटलाचा मान," असं म्हणायचं, वेस म्हणजे तिचं तोंड, आणि खडा द्यायचा. दुपारी एक, संध्याकाळी एक. संध्याकाळचा खडा गालात धरूनच ती झोपी जायची.

दातांसाठी वेगळा खेळ होता. गोवरीची राख चाळून त्यात चिमूटभर मीठ घालून मी राखुंडी करत असे. ती बोटावर घ्यायची आणि आधी मुद्दाम स्वतःच्याच नाकाला फासायची. "अगं बया, माजं तोंड कुठं गेलं?" पोर हसायला तोंड उघडायची, की बोट आत. मग दातांना आम्ही माणसं केली. पुढचे दोन पाटील आणि पाटलीण. त्यांच्या शेजारी सुतार, लोहार, चांभार, अशी सगळी गावकी. ज्याची आंघोळ चालली असेल त्याच्या आवाजात मी ओरडायची. पाटील खाकरायचा, लोहार म्हणायचा पाणी लई गार हाय. आणि खालच्या डाव्या बाजूची अगदी मागची दाढ म्हणजे सासुरवाडीला आलेला झोपाळू जावई. त्याला उठवायला सगळ्यात जास्त गंमत यायची, कारण तो शिव्या देत उठायचा.

हळूहळू ही गोष्ट वस्तीभर झाली. शेजारच्या बाया सकाळी तांब्या घेऊन उगाच आमच्या दारावरून जायच्या. कुणी म्हणायचं, सख्खी आई करणार न्हाय एवढं ही करती. मी वरवर पदर नीट करायची, पण आतून फुगायची. खरं सांगायचं तर त्या कौतुकाची मला चटक लागली. चारजणी बघत असल्या की माझा पाटील जास्त जोरात खाकरायचा.

मग एका सकाळी पोरीनं माझं बोट धरलं. "जावयाला उठवू नगं," ती म्हणाली.

"का गं?"

"तो निजलाय. त्याला बरं न्हाय."

मी एवढी हसले! दोन बाया दारात उभ्या होत्या, त्याही हसल्या. आमची पोर आता स्वतः गोष्ट रचू लागली, असं मी ज्याला त्याला सांगितलं. मालकांना जेवताना सांगितलं. वन्संना दोनदा सांगितलं. त्या दिवशी मी जावयाला झोपू दिलं. दुसऱ्या दिवशी मात्र म्हणाले, "आज जावयाला घरी जायचंय, उठवायला पायजे," आणि बोट मागं नेलं. पोरीनं माझं मनगट दोन्ही हातांनी धरलं, पण मी जावयाच्या घोगऱ्या आवाजात बोलत होते, त्यामुळं ती धरता धरता हसली. हसली म्हणजे सगळं ठीक आहे असं मी धरलं.

जेवतानाही तसंच. "गवारीला सांग, जावयाच्या दारावरनं जाऊ नगं," असं ती म्हणायला लागली आणि घास उजव्या गालात घ्यायला लागली. मी गवारीला तसं सांगायची. गवार पाय न वाजवता, चोरपावलांनी जायची. पोर हळू हळू, एका बाजूनं चावायची. आज कळतं. ती मला तिच्यापरीनं सगळं सांगत होती. जी भाषा मी तिला दिली होती, त्याच भाषेत सांगत होती. आणि मी ऐकत नव्हते, वाहवा गोळा करत होते.

आठ-दहा दिवस गेले असतील. निरवांगीहून मालकांचे चुलते आणि चुलती आले. मुक्कामाला होते. सकाळी चुलती म्हणाल्या, "तुजं दात घासायचं लई ऐकलंय बाई, बघू तरी." मी राखुंडी घेतली, पोरीला ओट्याच्या कडेला बसवलं. पाटील झाला, पाटलीण झाली, सुतार झाला. चुलते डोळे पुसत हसत होते. मला चेव आला.

"आता जावई!"

"नगं," पोर म्हणाली. तिनं तोंड मिटलं, पहिल्यासारखं, ओठ पांढरे होईपर्यंत.

पाहुण्यांसमोर. मी तिची हनुवटी धरली. जावयाच्या आवाजात, मोठमोठ्यानं घोरत, मी दोन बोटांनी गाल ओढून मागच्या दाढेवर राखुंडी घासली. मीठ होतं त्यात. ती किंचाळली. तसलं किंचाळणं मी त्याआधी तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं. पण चुलते हसत होते, त्यांना वाटलं जावईच ओरडला. पोरीनं सगळ्यांच्या तोंडाकडं बघितलं. सगळे हसत होते. मग तिनंही हसायचा प्रयत्न केला, आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं.

माझ्या बोटाला लागलेली राख किंचित तांबूस दिसली. मी हात धुवून टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा डावा गाल सुजलेला होता, डोळ्याखालपर्यंत ताणलेला, आणि अंग तापलेलं. तोंड दोन बोटं उघडत नव्हतं. वन्संनी लवंग ठेचून लावली, हळदीचा लेप केला. दुपारपर्यंत गाल आणखी ताठ झाला. मालक रानातून आले, बघितलं. तिसऱ्या दिवशी बारामतीला भाजी न्यायची होतीच. त्यांनी गाडीत भाजीच्या पाट्या कमी भरल्या, मधे वाकळ अंथरली, आणि मला म्हणाले, "चल."

उजाडायच्या आधी निघालो. पोर माझ्या मांडीवर होती. गाडीचं चाक खड्ड्यात गेलं की ती कण्हायची. उन्हं वर आल्यावर तिला जरा हुशारी वाटली. मालक पुढं बैलांशी बोलत होते. मी हळूच विचारलं,

"दुखत हुतं तर सांगायचं न्हाय का गं?"

ती सुजल्या तोंडानं म्हणाली, "सांगितलं की."

"कवा?"

"जावयाला बरं न्हाय म्हणलं." थोडं थांबून म्हणाली, "तू हसलीस."

मी तिच्या कपाळावरचे केस मागं सारले. तीच थोड्या वेळानं म्हणाली, "दुखतंय म्हणलं तर तू खेळ बंद केला असतास. मग तू नुसती भाकरी करत बसली असतीस."

बारामतीत दवाखान्याच्या व्हरांड्यात पुष्कळ माणसं बसली होती. डॉक्टर वयस्क होते, चष्मा कपाळावर सरकवलेला. त्यांनी पोरीला खुर्चीवर बसवलं, गाल बाहेरून दाबून बघितला, मग जेवढं तोंड उघडत होतं तेवढ्यातून आत बघितलं. एका बारीक सळईच्या टोकानं त्यांनी एकेका दाताला हलकेच टकटक केलं. पुढच्या दातांना ती काही बोलली नाही. मागच्या दाढेला टोक लागलं मात्र, तिनं माझा दंड नखांनी धरला.

"दाढ पार पोखरलीय," डॉक्टर म्हणाले. "मुळाशी पू झालाय. काढावी लागेल. दुधाची आहे, नवी येईल, पण त्याला चार-पाच वर्षं लागतील." मग मालकांकडं बघून विचारलं, "हे दोन दिवसांचं नाही. पोरगी काही बोलली नाही?"

मालकांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "न्हाय."

हा एक शब्द मी पोरीच्या समोर बोलले. तिनं सगळं ऐकलं.

"गूळ-बीळ फार खाते का? रात्री तोंडात धरून झोपते का?"

"आमची आक्का देती," मालक म्हणाले. "आई न्हाय म्हणून लाड करती."

आक्का म्हणजे वन्सं. मी गप्प बसले.

कंपाउंडरनं डोकं धरलं, मी हात धरले. डॉक्टरांनी हिरडीला कसलं तरी औषध लावलं, थोडं थांबले आणि चिमटा आत घातला. क्षणभराचंच काम, पण पोरीच्या अंगाचं धनुष्य झालं. दाढेमागोमाग पू आणि रक्त आलं. डॉक्टरांनी तिला वाकवून थुंकायला लावलं, कापसाचा बोळा चावायला दिला. "कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या, दिवसातनं पाच-सहादा. घट्ट खायला देऊ नका. गूळ बंद." ती दाढ कंपाउंडरनं पत्र्याच्या भांड्यात टाकली. एवढीशी होती, एका बाजूनं काळी आणि आतून पोकळ.

ताप दोन दिवसांत उतरला. गाल आठवड्यात जागेवर आला. देवाची कृपा म्हणायची, त्या काळी असल्या गोष्टीत पोरं हातची जायची.

घरी आल्यावर मालक वन्संवर उखडले. "आक्का, गूळ चारून चारून पोरीची दाढ किडवली तुमी." वन्संनी प्रतिवाद केला नाही. त्या अधूनमधून देत असत, हे खरं होतं. पण रोजचे दोन खडे माझे होते. वन्संनी गुळाचं मडकं उचलून माळ्यावर ठेवलं, शिडीशिवाय हात पोचणार नाही असं, आणि कितीतरी दिवस पोरीच्या गालावरून हात फिरवत "माजं चुकलं गं बाये" म्हणत राहिल्या. पाणवठ्यावर कुणी माझ्याविषयी वाकडं बोलली तर वन्संच भांडायच्या, "तिनं न्हाय काय केलं, माज्या हातून झालं." मी ते ऐकायची आणि घागर भरायची.

मी खेळ पुन्हा सुरू करायला बघितला. गाल उतरल्यावर, मऊ शिजवलेला दोडका वाढून मी तो कानाला लावला. पोर म्हणाली, "नगं. मी खाते." आणि खाल्ला. समोर वाढलेलं सगळं खाल्लं, शेपूसुद्धा, मान खाली घालून. सकाळी राखुंडी स्वतःच घेऊन विहिरीकडं तोंड करून बसायची आणि घासायची. मालक म्हणाले, "बघ, शहाणी झाली पोर." कुणालाही वाटावं, आपण जिंकलो. पोर भाजी खाते, दात घासते, आणखी काय हवं? मला मात्र ते जेवण बघवायचं नाही.

दोनेक महिन्यांनी वन्सं आणि मी वांगी तोडत होतो. मला राहवलं नाही. म्हणाले, "वन्सं, गूळ मी देत हुते. रोज. आणि पोरीनं दुखतंय म्हणून सांगितलं हुतं मला. मी हसण्यावारी नेलं."

त्यांचा हात थांबला. मग पुन्हा चालू झाला. निम्मी पाटी त्यांनी वांग्यांनी भरली.

"मला कशाला सांगतीस?" शेवटी म्हणाल्या. "माज्या मनावरचं ओझं काढलंस, बरं झालं. पर बोल खाल्ले मी त्याचे. त्याला सांग."

"सांगते," मी म्हणाले.

सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू म्हणता मालक म्हातारे झाले आणि गेले. वन्संनी परत विषय काढला नाही. चार दिवस माझ्याशी तुटक वागल्या, मग नेहमीसारख्या झाल्या. त्यांनी भावाला कधी सांगितलं नाही, हे त्यांचं मोठेपण. ते माझ्या वाट्याला कधी आलं नाही.

पोरीशी मात्र बोलले मी. त्याच साली पावसाळ्यात, ती पाट्यांच्या गोणपाटावर बसली होती तेव्हा तिच्यासमोर बसून म्हणाले, "तू सांगितलं हुतंस. मी ऐकलं न्हाय. डॉक्टरला मी खोटं बोलले." तिनं माझ्याकडं बघितलं, पाच-सहा वर्षांचं लेकरू काय बोलणार? "आता दाढ न्हाय तितं," ती म्हणाली आणि तोंड उघडून खड्डा दाखवला. मी वाकून नीट बघितला. हिरडी गुलाबी होती, भरून आलेली. तिनं जीभ त्यात घालून हलवली आणि विचारलं, "दिसती का जीब?" मी म्हणाले, दिसते. त्या दिवसापासून ती मला आये म्हणायला लागली. का, ते मी विचारलं नाही. मी त्या लायक होते असं मला तेव्हाही वाटलं नाही.

पुढं मला दोन मुलगे झाले. त्यांनाही मी भाज्यांचे आवाज काढून जेवू घातलं, कारण त्यावाचून मुलं खात नाहीत. पण घास तोंडाशी नेण्याआधी माझा हात थांबायचा. "दुखतंय का कुठं? आधी ते सांग, मग भेंडी बोलंल," असं विचारायची सवय लागली. माणसं दारात उभी राहिली की मी खेळ बंद करायची.

ती पोर इंदापूरला दिली. अजूनही मी तिच्याकडं जाते. तिच्या सुना, नातवंडं जमली की ती त्यांना सांगते, "आमची आय लई हसवायची. दात घासताना हसून हसून पोट दुखायचं माजं." मोठ्या आनंदानं सांगते. पाटील सांगते, लोहार सांगते, जावई सांगत नाही. तिला खरंच तेवढंच आठवतं की माझ्या तोंडाकडं बघून ती तेवढंच सांगते, हे मला कळलेलं नाही. नातवंडं हसतात, माझ्याकडं वळून म्हणतात, पणजे, पाटलाचा आवाज काढ की. मी म्हणते, आता दात राहिले नाहीत, आवाज कुठून काढू? आणि पानावरची भाजी चिवडत बसते.